तिसऱ्या स्लॅबचे मागणीपत्र

मराठी गद्याचा इतिहास लिहिणाऱ्या विद्वानांनी बखरी, करीने, कैफियती आणि आज्ञापत्रे यांची यथास्थित दखल घेतली असली, तरी ज्या एका लेखनप्रकाराने आज अनेक मध्यमवर्गीय गृहस्थांची झोप उडविली आहे, त्या बिल्डरच्या मागणीपत्राकडे कोणी साक्षेपाने पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. ही उपेक्षा मला अन्यायाची वाटते. कारण अभिनंदन, शुभवार्ता, गणित, धर्मशास्त्र आणि धमकी हे पाच रस एकाच पानात, तेही कंपनीच्या रंगीत शीर्षकाखाली, सुखाने नांदविण्याची करामत दुसऱ्या कोणत्याही वाङ्मयप्रकाराला साधलेली नाही. पत्राचा आरंभ 'आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे' असा होतो आणि शेवट 'अन्यथा आपली नोंदणी रद्द करण्यात येईल' असा होतो. या दोन वाक्यांच्या मधला प्रदेश ज्याला नीट ओलांडता आला, त्याला घर मिळते, आणि ज्याला आला नाही, त्यालाही मिळते, परंतु बरेच महाग.

आमच्या नात्यात असे दोन प्रवासी आहेत. एक माझे साडू, जे पेणला एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि ज्यांना घरीदारी सगळे गुरुजी म्हणतात; दुसरे माझे मावसभाऊ अण्णा, जे रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत भांडारपाल होते आणि ज्यांचा आयुष्यभराचा धर्म म्हणजे आलेल्या मालाची चलनाशी गाठ घालून पाहणे. दोघांनी साधारण एकाच सुमारास, बांधकाम सुरू असलेल्या इमारतींत प्रत्येकी ६८ चौरस मीटर चटई क्षेत्राची, म्हणजे जुन्या भाषेत ७३२ चौरस फुटांची सदनिका घेतली. गुरुजींची पेणला, ४४ लाखांना. अण्णांची रोह्याला, ४३ लाखांना. पेण सोडून कासू, नागोठणे ओलांडले की रोहे येते. अंतर असे काही फार नाही. परंतु कराच्या दृष्टीने या दोन गावांच्या मध्ये केवढी खोल दरी आहे, हे त्या दोघांनाही घर घेईपर्यंत ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या बिल्डरांपैकी एकालाच ते नीट ठाऊक होते.

अण्णांना आलेले पत्र मी प्रत्यक्ष हाताळले आहे. त्याचा विषय होता 'तिसरा स्लॅब पूर्ण झाल्याबाबत व देय रकमेबाबत', आणि देय रक्कम होती रुपये ६,८६,१५० फक्त. हा 'फक्त' शब्द लिहिणाऱ्या इसमाच्या मनात त्या क्षणी कोणता भाव असतो, हे जाणून घेण्याची माझी फार दिवसांची इच्छा आहे. खाली बारीक टाइपात असे होते, की सात दिवसांत भरणा न झाल्यास द.सा.द.शे. २४ प्रमाणे व्याज आकारले जाईल. आणि सोबत जोडलेल्या छायाचित्रात एक राखाडी इमारत निरभ्र निळ्या आकाशाखाली अभिमानाने उभी होती. पत्राची तारीख जुलैची होती. कोकणात जुलै महिन्यात निळे आकाश कोणाला दिसले असेल तर त्याने ते ताबडतोब जपून ठेवावे, असे अण्णा म्हणाले, आणि छत्री घेऊन बांधकामावर गेले.

तेथे जे दिसले त्याचे वर्णन करण्यापूर्वी, स्लॅब म्हणजे काय आणि तो पूर्ण केव्हा होतो, या विषयावर दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण सारा व्यवहार या एका क्रियापदावर टांगलेला असतो. रेरा कायद्याखाली महाराष्ट्र शासनाने २०१७ साली जे नियम केले, त्यांच्यासोबत करारनाम्याचा एक नमुना जोडलेला आहे, आणि त्यात टप्प्यांच्या कमाल मर्यादा घातलेल्या आहेत. करार करण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत. जोते पूर्ण झाल्यावर ४५ पर्यंत. सारे स्लॅब पूर्ण झाल्यावर ७० पर्यंत. मग भिंती, गिलावा, फरशा, नळ, जिने, लिफ्ट असे करीत करीत ९५ पर्यंत. आणि शेवटचे ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्र आल्यानंतर ताबा देताना. अण्णांची इमारत खाली वाहनांसाठी मोकळा तळ आणि वर चार मजले अशी. म्हणजे पाच स्लॅब, आणि ४५ ते ७० मधले २५ टक्के त्यांच्यात सारखे वाटून प्रत्येक स्लॅबला ५ टक्के, असे करारात नमूद होते. जोत्यापर्यंतचे ४५ आणि दोन स्लॅबचे १० मिळून ५५ टक्के, म्हणजे २३,६५,००० रुपये, अण्णांनी दिलेले होते. तिसऱ्या स्लॅबचे २,१५,००० देणे होते, परंतु ते स्लॅब 'पूर्ण झाल्यावर'. नुसता 'सुरू झाल्यावर' नव्हे. पुष्कळशा मागणीपत्रांत 'पूर्ण' या शब्दाच्या जागी 'प्रारंभ' हा शब्द इतक्या विनयाने येऊन बसतो, की वाचणाऱ्याला तो पूर्वीपासूनच तेथे असावा असे वाटते.

अण्णा दुसऱ्या मजल्यावर चढले तेव्हा वर प्लायच्या पाट्या अंथरलेल्या होत्या, खाली लोखंडी टेकूंचे दाट रान उभे होते, पाट्यांवर सळयांची जाळी बांधून तयार होती आणि त्या जाळीत पावसाचे पाणी साचून त्यावर गंजाची तांबूस साय धरली होती. काँक्रीटचा एक थेंबही तेथे पडला नव्हता. साइटवरच्या सुपरवायझरने प्रामाणिकपणे सांगितले, की पाऊस उघडला की लगेच स्लॅब टाकू, सिमेंटवाल्याला सांगून ठेवले आहे. म्हणजे जो स्लॅब पत्रात पूर्ण झाला होता, तो प्रत्यक्षात अद्याप ढगांच्या मर्जीवर अवलंबून होता. अण्णांनी भांडारातल्या सवयीने मोबाइलवर तारखेसहित फोटो घेतला, आणि घरी येऊन महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे पान उघडले. नोंदणी झालेल्या प्रकल्पाच्या वास्तुविशारदाला नमुना १ मध्ये असे प्रमाणपत्र द्यावे लागते, की जोते किती टक्के, स्लॅब किती, भिंती किती, आणि ते तेथे कोणालाही वाचता येते. त्या तक्त्यात स्लॅबचे काम ४० टक्के दाखविले होते. पाचांपैकी दोन. वास्तुविशारद सत्य लिहीत होता आणि कचेरी काव्य लिहीत होती; दोघांचे पगार एकाच तिजोरीतून होत असले, तरी त्यांच्यात परस्पर पत्रव्यवहार नसावा. (येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नाही, किंवा ज्यात आठांहून अधिक सदनिका नाहीत, त्याला ही नोंदणी सक्तीची नाही. आणि आपल्या तालुक्यांच्या गावी, जुना वाडा पाडून उभ्या राहणाऱ्या कितीतरी इमारती याच मापाच्या असतात. तेथे हा तक्ता शोधायला जाऊ नये.)

आता रकमेकडे वळू. हप्ता २,१५,००० चा, आणि मागणी ६,८६,१५० ची. मधले अंतर भरून काढणाऱ्या बाबी, लग्नातले आगंतुक जसे वऱ्हाडाच्या घोळक्यातून सरळ पंगतीला येऊन बसतात, तशा खऱ्या हप्त्याच्या शेजारी निःसंकोच बसल्या होत्या. आरक्षित वाहनतळ १,५०,०००. पायाभूत सुविधा व विकास आकार ७५,०००. वीज जोडणी व ट्रान्स्फॉर्मर ६०,०००. कायदेशीर व दस्तऐवज खर्च २५,०००. एकूण ३,१०,०००. अण्णांनी दुय्यम निबंधकांकडे नोंदविलेला आपला करारनामा काढला, चष्मा पुसला, आणि प्रत्येक बाब त्यात शोधण्यास बसले.

वाहनतळाचा उल्लेख करारात कोठेही नव्हता. साइटवर तो कोठे आहे असे विचारले असता सुपरवायझरने कुंपणालगत जमिनीवर चुन्याने आखलेला एक आयत दाखविला, ज्याला चार बाजूंनी चुना आणि वरून आभाळ होते. उघड्या जागेतील वाहनतळ ही रेरा कायद्याच्या व्याख्येतच सामाईक जागा आहे, आणि तसा कायदा येण्यापूर्वीही, २०१० साली, नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच बिल्डरला बजावले होते, की जे सर्वांचे आहे ते एकेकाला विकता येत नाही. पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी देशभर पायी हिंडून लोकांकडे जमीन मागितली; त्यांनाही चुन्याचा आयत आखून तो दीड लाखाला देण्याची कल्पना सुचली नव्हती.

विकास आकाराची गोष्ट अधिक बारीक आहे, आणि येथे बिल्डरवर सरसकट आगपाखड करणारे लोक चुकतात असे माझे मत आहे. नमुना करारात किंमत वाढ-मुक्त असते हे खरे. परंतु सक्षम प्राधिकरणाने, म्हणजे नगरपरिषदेने किंवा शासनाने, विकास शुल्क खरोखर वाढविले, तर तेवढी वाढ ग्राहकाकडून घेण्याची मुभा त्याच कलमात दिलेली आहे. अट एवढीच, की ज्या अधिसूचनेने वा हुकुमाने ही वाढ झाली, त्याची प्रत मागणीपत्रासोबत जोडली पाहिजे. अण्णांच्या पत्रात 'शासनाच्या धोरणानुसार' असे शब्द होते आणि सोबत एक जोडपत्रही होते. पण ते शासनाचे नसून, त्याच बिल्डरच्या शेजारी होऊ घातलेल्या दुसऱ्या टप्प्याचे, तरणतलावाच्या चित्रासह छापलेले माहितीपत्रक होते.

विजेची आणि वकिलाची बाब याहून नाजूक. करारनाम्यात शेवटाकडे एक कलम असते, की ताबा घेण्यापूर्वी ग्राहकाने सोसायटीच्या भागाची रक्कम, सोसायटी स्थापनेचा खर्च, पाणी व वीज जोडणीची अनामत इत्यादी रकमा भराव्यात, आणि प्रत्येक बाबीपुढे रकमेसाठी जागा असते. अण्णांच्या दस्तात ते कलम होते, बाबी होत्या, 'रु.' हे अक्षर होते, आणि त्यापुढे शाईचा स्पर्शही न झालेली एक शुभ्र रेघ होती. तो मजकूर टंकलिखित करणाऱ्याने ती रेघ पुढच्या पिढीसाठी राखून ठेवली असावी. अण्णांचे म्हणणे असे, की रिकाम्या रेघेवर मी सही केली ती रिकाम्या रेघेसाठीच केली. बिल्डरचे म्हणणे असे, की रेघ होती म्हणजे कबुली होती. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे, पण एक गोष्ट निर्विवाद होती : त्या कलमाचा आरंभच 'ताबा देण्यापूर्वी' या शब्दांनी होत होता, आणि जेथे तिसरा स्लॅब पडायचा आहे तेथे मीटर बसविण्याची घाई विजेलाही नव्हती.

आणि आता कर, ज्याच्यासाठी मी हा सारा प्रपंच मांडला.

१ एप्रिल २०१९ पासून बांधकामाधीन घरावर वस्तू व सेवा कराचे दोन दर आहेत : साध्या घराला ५ टक्के, आणि परवडणाऱ्या घराला १ टक्का. परवडणारे घर कशाला म्हणावे याचे उत्तर सरकारने दोन कसोट्यांत दिले आहे. पहिली क्षेत्राची : महानगरात चटई क्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत, इतरत्र ९० पर्यंत. दुसरी किमतीची : ४५ लाखांपर्यंत. दोन्ही कसोट्या एकदम उतरल्या तरच एक टक्का. आणि महानगर म्हणजे काय, याच्या यादीत मुंबईच्या नावापुढे संपूर्ण मुंबई महानगर प्रदेश धरावा असे लिहिले आहे. त्या प्रदेशात पेण नगरपरिषद येते. रोहे येत नाही.

याचा अर्थ गुरुजींना समजावून सांगण्याचे दुर्दैव माझ्या वाट्याला आले. त्यांचे घर ४४ लाखांचे, म्हणजे किमतीच्या कसोटीला उतरलेले. परंतु ते ६८ चौरस मीटरचे, आणि पेण हे सरकारच्या लेखी मुंबई असल्यामुळे मर्यादा ६० ची. म्हणून ५ टक्के. म्हणजे २,२०,००० रुपये. त्याच आकाराच्या अण्णांच्या घराला १ टक्का, म्हणजे ४३,०००. गुरुजी बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे मी मुंबईत राहतो?"

"कागदोपत्री, हो."

"मग आमच्या खारेपाटात पाण्याचे टँकर का येतात हो? हेटवण्याचं धरण आमच्या तालुक्यात, आणि पाणी नवी मुंबईला. पाणी द्यायची वेळ आली की आम्ही शेजारी, आणि कर घ्यायची वेळ आली की घरचे!"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, व ज्यांच्याजवळ असावे त्यांनाही ते देण्याची घाई दिसत नाही. गुरुजींच्या बिल्डरचे मागणीपत्र मात्र, न्यायाने सांगितले पाहिजे, निर्दोष होते. हप्ता करारातला, दर कायद्यातला, सोबत वास्तुविशारदाचा दाखला. त्यावर विनोदी लेख लिहिणे केवळ अशक्य. गुरुजींनी तरीही ते तांबड्या शाईने तपासले आणि 'सदनिका' शब्दातला दुसऱ्या वेलांटीचा दोष काढून परत पाठविले, पैशांसहित.

अण्णांच्या बिल्डरचे कर्तृत्व याहून थोर होते. अण्णांचे घर ६८ चौरस मीटर, रोह्यात मर्यादा ९०. किंमत ४३ लाख, मर्यादा ४५. दोन्ही कसोट्यांना उतरलेले, आणि आजवरच्या २३,६५,००० वर एक टक्क्यानेच कर घेतलेला. मग या पत्रात ५ टक्के कोठून आले? त्याचे उत्तर असे, की परवडणाऱ्या घराची किंमत मोजताना केवळ करारातली किंमत मोजायची नसते. बांधकामाचा मोबदला, जमिनीचा हिस्सा, आणि त्याशिवाय बिल्डर जे जे आकारील ते, म्हणजे मोक्याच्या जागेचा अधिभार, विकास आकार, वाहनतळ, सामाईक सोयींचे शुल्क वगैरे, सारे त्यात धरायचे, आणि ती बेरीज ४५ लाखांच्या आत राहिली पाहिजे, असे व्याख्येत आहे. आता करून पाहा : ४३ लाखांत चुन्याच्या आयताचे दीड लाख आणि बिनहुकमी विकास आकाराचे पाऊण लाख मिळवा. ४५,२५,०००. पंचवीस हजारांनी सीमा ओलांडली, आणि घर परवडण्याच्या कक्षेतून एकदम बाहेर पडले. बिल्डर शेठना मिळाले असते सव्वादोन लाख. पण त्या रकमेमुळे साऱ्या घराचा दर एकावरून पाचावर गेला.

चारही बाबी धरल्या तर किंमत ४६,१०,०००, आणि ५ टक्क्यांनी कर २,३०,५००. करारातल्या किमतीवर तो होता ४३,०००. म्हणजे तीन लाख दहा हजारांच्या आगंतुकांनी आपल्याबरोबर १,८७,५०० रुपयांचा आणखी एक पाहुणा आणला होता, आणि तो सरकारी असल्यामुळे त्याला नाही म्हणता येत नव्हते. पत्रात त्याची पहिली किस्त लावलेलीही होती : या हप्त्यावर २,१५० ऐवजी १०,७५०, आणि मागील भरण्यावरील फरक चार टक्के, ९४,६००. इतकेही करून कचेरीचे समाधान न झाल्यामुळे, त्या ३,१०,००० वर 'इतर सेवा' म्हणून १८ टक्क्यांनी ५५,८०० निराळे लावले होते. अण्णांनी विचारले, की वाहनतळ जर घराच्या किमतीत धरून घराचा दर वाढवायचा, तर त्यावर घराचा दर का नाही. आणि तो जर घराबाहेरची निराळी सेवा असेल, तर तो घराच्या किमतीत घुसला कसा? या प्रश्नाची तर्कशुद्धता मला फार आवडली. हिशेबनीसाला ती आवडली नसावी.

अण्णा शेठच्या कचेरीत गेले तेव्हा मी सोबत होतो. काचेच्या टेबलामागे एक तरुण बसला होता, ज्याच्यासमोर इमारतीची प्लास्टिकची प्रतिकृती होती; तिचे पाचही स्लॅब पूर्ण झाले होते आणि गच्चीवर एक बोटभर उंचीचे कुटुंब सूर्यास्त पाहत होते.

"काका, हे सगळ्यांनाच आहे," तरुण म्हणाला. "बाकीच्या मेंबरांनी भरले पण."

"स्लॅब कुठाय?"

"काका, तो टेक्निकली झालाच आहे. फक्त काँक्रीट राहिलंय."

मी आजवर पुष्कळ तत्त्वज्ञान वाचले आहे, परंतु वस्तूचे सार आणि वस्तूचे अस्तित्व यांतला भेद इतक्या थोड्या शब्दांत कोणी मांडलेला मला ठाऊक नाही. अण्णांनी वाद घातला नाही. भांडारपालाचा स्वभावच असा, की तो तोंडी काही स्वीकारीत नाही व तोंडी काही नाकारीतही नाही. "बरं, शेठना सांगा, लेखी कळवतो," एवढे बोलून ते उठले.

त्यांचे उत्तर एका पानाचे होते. त्यात संताप नव्हता, विशेषणे नव्हती, आणि ग्राहक आयोगात, वृत्तपत्रांत, मंत्रालयात जाण्याच्या त्या परिचित आणाभाकाही नव्हत्या. तिसरा स्लॅब पूर्ण झाल्याचे वास्तुविशारदाचे प्रमाणपत्र मिळताच करारातला हप्ता २,१५,००० आणि त्यावरील १ टक्का कर २,१५० असे २,१७,१५० रुपये ठरलेल्या मुदतीत बँकेमार्फत भरीन, असे पहिल्या परिच्छेदात होते. आणि हा परिच्छेद पहिला असण्याला कारण आहे. कराराच्या नमुन्यात हप्ते तीन वेळा चुकले, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन करार रद्द करण्याचा अधिकार बिल्डरला दिलेला आहे. जे लोक चुकीच्या पत्रावर रागावून योग्य हप्ताही अडवून धरतात, ते अन्यायाविरुद्ध लढताना स्वतःच थकबाकीदार होऊन बसतात, आणि मग आगंतुक बाबी बाजूला राहून त्यांच्याच थकबाकीची चर्चा सुरू होते. वाद नसलेले तेवढे वेळेवर द्यावे, वादातले लेखी अडवावे, आणि दिलेल्या पैशांच्या पावतीवर हप्ता कोणता ते लिहून घ्यावे, ही अण्णांची रीत मला पटली.

दुसऱ्या परिच्छेदात विकास आकाराचा हुकूम मागितला होता, करारातील वाहनतळाचे कलम मागितले होते, आणि वीज व कायदेशीर खर्च हे ताब्याच्या वेळी प्रत्यक्ष पावत्यांप्रमाणे पाहू असे म्हटले होते. व्याजाबाबत एकच ओळ होती, की २४ टक्के हा दर कोणत्या नियमातला. कारण महाराष्ट्राच्या नियमांत तो दर स्टेट बँकेच्या कर्जदरावर, म्हणजे तिच्या सर्वांत वरच्या एमसीएलआरवर, दोन टक्के असा आहे, आणि विशेष म्हणजे तो दोन्ही बाजूंना सारखा लागतो. ताबा लांबला तर तेच व्याज शेठनी अण्णांना द्यायचे असते. ही परस्परतेची कल्पना बऱ्याच कचेऱ्यांत अद्याप पोहोचलेली नाही.

तिसरा परिच्छेद मात्र, माझ्या मते, त्या पानाचा कळस होता. त्यात अण्णांनी नम्रपणे लिहिले होते, की कर म्हणून ग्राहकाकडून जी रक्कम घेतली जाते, ती घेणाऱ्याला सरकारात भरावीच लागते, मग ती देय असो वा नसो; केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम ७६ तसेच सांगते. सबब चार टक्क्यांचा फरक म्हणून माझ्याकडून आणि इतरांकडून जे घ्याल, त्यातला एक पैसाही आपल्याकडे राहणार नाही. वाहनतळाच्या दीड लाखासाठी आपण प्रत्येक ग्राहकाकडून सरकारला जवळजवळ दोन लाख मिळवून देत आहात, आणि आपल्या पुढच्या टप्प्याच्या माहितीपत्रकात जे 'फक्त १ टक्का' असे मोठ्या अक्षरांत छापले आहे, तेही त्यामुळे खोटे ठरत आहे. याची नोंद घ्यावी. नोंद न घेतल्यास पाच हजार रुपये शुल्क भरून महारेराकडे कलम ३१ खाली तक्रार करता येते, याचा उल्लेख तळाशी होता, पण तो केवळ माहितीदाखल.

पत्र रजिस्टर पोस्टाने गेले, ई-मेलने गेले, आणि पोचपावतीची झेरॉक्स अण्णांच्या फायलीत शिवली गेली. जे चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झाले, त्यांचे बालपण रोह्यात गेले. त्या गावच्या माणसाने आकड्यांत इतपत शिस्त दाखवावी यात मला स्वतःला काही नवल वाटले नाही, पण कचेरीला वाटले. पंधरवड्याने शेठ स्वतः फोनवर आले. त्यांनी प्रथम प्रकृतीची चौकशी केली, मग पावसाची केली, आणि मग विचारले, "अण्णा, ते शहात्तर कलम खरंच आहे का हो? आमचा सीए कधी बोलला नाही."

"आहे शेठ. सीएला विचारा, पण लेखी विचारा."

सुधारित मागणीपत्र ऑगस्टच्या अखेरीस आले. तोवर पाऊस उघडला होता, काँक्रीट पडले होते, आणि नमुना १ मध्ये स्लॅबचे काम ६० टक्के झाले होते. वाहनतळ आणि विकास आकार गेले होते. वीज व कायदेशीर खर्चापुढे 'ताब्याच्या वेळी, प्रत्यक्ष खर्चानुसार' असे लिहिले होते, त्यामुळे सगळे मिळूनही घर ४५ लाखांच्या आत राहत होते. करापुढे १ टक्का होता आणि एकूण २,१७,१५० होते. छायाचित्र जुनेच होते. 'फक्त' हा शब्दही होता, आणि या खेपेस तो खरा होता.

ज्या मेंबरांनी पहिल्या पत्राबरहुकूम भरणा केला होता, त्यांचे काय, हा प्रश्न अर्थातच उरला. त्यांतले काही रविवारी सकाळी अण्णांच्या ओसरीवर येऊन बसले. एकाने विचारले, की तुम्हाला कमी का लागले, तुमची शेठशी ओळख आहे काय? अण्णांनी आतून आपला करारनामा आणला, आणि त्या गृहस्थांना त्यांचा करारनामा आणला आहे का असे विचारले. त्यांनी आणला नव्हता. तो बँकेत गहाण होता, आणि झेरॉक्स काढून ठेवायची राहून गेली होती. मग अण्णांनी त्यांना झेरॉक्ससाठी बँकेला लिहायच्या अर्जाचा मसुदा सांगायला सुरुवात केली, आणि बाकीच्या चौघांनी खिशातून पेने काढली.